साध्या उपासनागीताला सेकंडरी डॉमिनंट लावताना

पियानोवर मेजर मायनर कॉर्ड येतात, सी एफ जी धरून कुठल्याही साध्या गाण्याला साथ करता येते, पण चार आवाजांची नीट मांडणी करायची म्हटली आणि त्यात कुणी 'इथे सेकंडरी डॉमिनंट घे' असं म्हटलं की पुढे नक्की काय करायचं ते कळत नाही, अशा पायरीवर मी जूनमधे होते. आता ते काम पूर्ण झालंय, मंडळीने गाऊनही झालंय, म्हणून सगळं क्रमाने लिहून ठेवतेय. सोबत पियानो असेल तर वाचता वाचता वाजवून बघा, बरंच काही बोटांनाच आधी कळतं.

काम असं होतं. आठ अक्षरं, सहा अक्षरं, परत आठ, परत सहा अशा शब्दांच्या चार ओळींचं एक छोटं गीत, त्याला अगदी साधी चाल, आणि त्या चालीला सोप्रानो आल्टो टेनर बास अशा चार आवाजांत बसवायचं. गायनवृंद बघणाऱ्या बाईंनी सुरुवातीलाच अटी सांगितल्या. चालीचा एकही सूर बदलायचा नाही, मांडणी पेन्सिलने स्टाफच्या वहीत लिहून आणायची, प्रत्येक बारला नंबर घालायचा, कॉर्डचं नाव खाली लिहायचं, आणि स्वच्छ प्रत सराव सुरू व्हायच्या तीन आठवडे आधी द्यायची कारण झेरॉक्स काढून चारही आवाजांना वाटायला तेवढा वेळ लागतोच. खर्च म्हणाल तर वही, पेन्सिल आणि चांगलं खोडरबर, बाकी सगळा वेळाचा खर्च.

चाल सी मेजरमधे होती. पहिली ओळ जी, सी डी ई डी, सी ए जी. दुसरी जी, सी ई डी सी, बी. तिसरी डी, ई एफ ई डी, सी बी ए. चौथी जी, ए सी डी बी, सी. स्वल्पविरामाच्या आधीचा पहिला सूर बारच्या आधीच्या चौथ्या मात्रेवर येतो, मग चार मात्रांचा पूर्ण बार, आणि दुसऱ्या व चौथ्या ओळीचा शेवटचा सूर तीन मात्रा लांब. बस एवढीच चाल. सगळ्यात खालचा सूर मधल्या सीच्या वरचा जी आणि सगळ्यात वरचा त्याच्या वरच्या सप्तकातला एफ, म्हणजे गायला साधीच.

पहिल्या आठवड्यात मी फक्त साधे कॉर्ड लावले आणि तुम्हीही तसंच करा असं मी म्हणेन, कारण सेकंडरी डॉमिनंट हा साध्या सांगाड्यावरच चढतो. बाईंनी सांगितलेली पद्धत अशी की ओळ डावीकडून उजवीकडे न भरता शेवटाकडून भरायची. आधी प्रत्येक ओळ कुठे टेकते ते ठरव. पहिली ओळ जी सुरावर संपते, तिथे मी सी मेजरच ठेवला आणि त्याच्या आधी ए सुराखाली एफ मेजर. दुसरी बीवर संपते, बी हा जी मेजरमधलाच सूर, तेव्हा तिथे जी. तिसरी एवर, तिथे ए मायनर. चौथी सीवर, तिथे घर, म्हणजे सी मेजर, त्याच्या आधी बी सुराखाली जी सेव्हन. एवढं केल्यावर वाजवून बघितलं तर सगळं बरोबर होतं, पण दुसरी ओळ जीवर येऊन नुसती थांबायची, जीला जाऊन पोचली असं वाटायचं नाही. तिसऱ्या ओळीचा शेवटही तसाच, ए मायनर येतो आणि कानाला काही फरकच पडत नाही.

वही घेऊन बाईंकडे गेले तेव्हा त्यांनी आधी एक प्रश्न विचारला, "जी सेव्हन वाजवल्यावर तुला सी का हवासा वाटतो?" मी म्हटलं सीच्या पट्टीतल्या पाचव्या सुरावरचा कॉर्ड, म्हणजे डॉमिनंट आहे म्हणून. त्या म्हणाल्या, "ते नाव झालं, कारण सांग." मग त्यांनी जी सेव्हनमधले फक्त दोन सूर वाजवले, बी आणि एफ. ते दोन सूर एकमेकांशी पटत नाहीत. बीला अर्धा सूर वर सीवर जायचंय, एफला अर्धा सूर खाली ईवर यायचंय, आणि दोघं तिथे गेले की सी आणि ई मिळतो, म्हणजे सी मेजरचं मूळ आणि तिसरा सूर. सगळी ओढ त्या दोन सुरांत आहे, बाकीचे जी आणि डी नुसते सोबतीला.

"आता हीच ओढ सीकडे नको, जीकडे हवी असेल तर?" इथे मला सगळा विषय कळला. जीच्या खाली अर्धा सूर कोण, तर एफ शार्प. जी मेजरच्या तिसऱ्या सुराच्या, म्हणजे बीच्या, वर अर्धा सूर कोण, तर सी. एफ शार्प आणि सी ज्या कॉर्डमधे एकत्र आहेत तो डी सेव्हन. सी मेजरच्या पट्टीत डीवरचा कॉर्ड मायनर असतो, डी एफ ए. त्यातला एफ शार्प केला आणि वर सी घातला की तो जीचा स्वतःचा डॉमिनंट होतो. सीचं घर सुटत नाही, फक्त थोडा वेळ जीला घरासारखं वागवायचं आणि त्याच्या आधी त्याचा डॉमिनंट ठेवायचा. हाच सेकंडरी डॉमिनंट. पुस्तकांत हे V7/V असं लिहिलेलं असतं, ते 'पाचव्याचा पाच सेव्हन' असं वाचायचं. तिरक्या रेघेच्या उजवीकडे आपण कुठे निघालोय ते, डावीकडे त्या ठिकाणाशी त्याचं नातं. मला आधी ते अपूर्णांकासारखं दिसायचं आणि भीती वाटायची, असं वाचायला लागल्यापासून गेली.

पट्टीतल्या कुठल्याही मेजर किंवा मायनर कॉर्डला असा स्वतःचा डॉमिनंट देता येतो. बीवरचा कॉर्ड डिमिनिश्ड आहे, तो क्षणभरही घर होऊ शकत नाही, म्हणून तो सोडायचा. शोधायची रीत म्हणजे ज्या कॉर्डवर जायचंय त्याच्या मूळ सुरापासून एक पूर्ण पाचवा वर जा, तिथे मेजर कॉर्ड बांध आणि त्यात मायनर सातवा घाल. ए मायनरकडे जायचं तर ई सेव्हन, त्यात नवा सूर जी शार्प. डी मायनरकडे जायचं तर ए सेव्हन, नवा सूर सी शार्प. ई मायनरला बी सेव्हन लागतो, त्यात डी शार्प आणि एफ शार्प असे दोन नवे सूर येतात, म्हणून तो जरा परका वाटतो. एफकडे जायचं तर सी सेव्हन, आणि इथे गंमत वेगळी आहे, कारण एफच्या खालचा अर्धा सूर ई आपल्याकडे आधीपासूनच आहे, नवा येतो तो सातवा, बी फ्लॅट, आणि तो वर न जाता खाली एवर उतरतो. ज्यांचे कान सरगमवर तयार झालेत त्यांनी सीला सा धरलं तर एफ शार्प म्हणजे तीव्र मध्यमाची पट्टी. मी पहिल्यांदा तशीच गाऊन बघितली, म, तीव्र म, प, आणि ओढ कुठे आहे ते गळ्यालाच कळलं.

आता खरं काम, दुसरी ओळ. जी, सी ई डी सी, बी. शेवटचा बी जी मेजरवर ठरलेला. त्याच्या आधीच्या चौथ्या मात्रेवर चालीत सी आहे. तपासणी एकच, चालीतला सूर डी सेव्हनमधे आहे का? डी, एफ शार्प, ए, सी. आहे, आणि तो सातवा सूर आहे. सातव्याला खाली उतरायचं असतं आणि चाल नेमकी सीवरून बीवरच उतरतेय. म्हणजे जणू चालीनेच जागा करून ठेवलीय. इथे चाल सीवरून वर डीवर गेली असती तर मी डी सेव्हन लावला नसता, कारण सातवा सूर वर चढला की ओढ अर्धवट राहते आणि ते सोप्रानोत असल्यामुळे सगळ्यांना ऐकू येतं.

तिसऱ्या मात्रेवर चालीत डी आहे. तोही डी सेव्हनमधे बसतो, म्हणजे दोन्ही मात्रा डी सेव्हन धरून काढता आल्या असत्या. बाईंनी दुसरा एक पर्याय वाजवून दाखवला आणि माझ्या मते या पूर्ण मांडणीतली सगळ्यात सुंदर जागा ती आहे, म्हणून ती सावकाश सांगते. उजव्या हाताचा अंगठा मधल्या सीच्या शेजारच्या डीवर ठेवा आणि तो उचलूच नका. तिसऱ्या मात्रेवर अंगठ्याबरोबर त्याच्या वरचा एफ आणि अंगठ्याच्या बरोबर एक सप्तक वरचा डी, डाव्या हातात खालचा डी. हा साधा डी मायनर. चौथ्या मात्रेवर मधला एफ एफ शार्प होतो आणि वरचा डी सीवर उतरतो. पुढच्या बारला एफ शार्प जीवर चढतो, सी बीवर उतरतो, डावा हात खालच्या जीवर जातो. अंगठा अजून डीवरच. म्हणजे आल्टोला एफ, एफ शार्प, जी, सोप्रानोला डी, सी, बी. दोन आवाज दोन बाजूंनी एकमेकांकडे सरकत येतात आणि जी मेजरमधे भेटतात. हे तीन कॉर्ड नुसते वाजवत बसले होते मी त्या संध्याकाळी, बाकी काही केलंच नाही.

यात एक अट पाळावी लागते. एफ आणि एफ शार्प एकाच आवाजात यायला हवेत. मी घरी एक प्रकार मुद्दाम करून बघितला, डी मायनर उलटा करून एफ डाव्या हातात बासला दिला आणि पुढच्या मात्रेला एफ शार्प आल्टोत. कागदावर कॉर्ड तेच, पण कानाला बासचा एफ अजून आठवत असतो आणि वरून कुणीतरी एफ शार्प गातं, त्यामुळे कोणीतरी बेसूर झाल्यासारखं वाटतं. याला क्रॉस रिलेशन म्हणतात. ओळखायची खूण म्हणजे प्रत्येक कॉर्ड एकटा वाजवला तर छान असतो आणि पाठोपाठ वाजवले की आंबट. असं झालं की बदललेला सूर आधी कुठल्या आवाजात होता ते शोधा आणि शार्प तिथेच द्या.

दुसरी अट, एफ शार्प दोन आवाजांना द्यायचा नाही. उजव्या हातात आहे तर डाव्या हाताने परत तो धरू नका. दोघांनाही जीवर चढायचं असतं, म्हणजे दोन आवाज एकच काम करत एका सप्तकाच्या अंतराने पळतात आणि चारचे तीन आवाज होतात. आणि लिहिताना एफ शार्पच लिहा, जी फ्लॅट नको. पियानोवर पट्टी एकच, पण गाणाऱ्याला कागदावर एफ शार्प दिसला की वर जायचंय हे दिसतं.

मग माझ्या मनात आलं की पहिल्या ओळीचा शेवटही ए, जी असा आहे, ए डी सेव्हनमधे आहे, तिथेही डी सेव्हन आणि जी करता येईल. करता येतंच, चूक काही नाही. पण दोन्ही ओळी एकाच ठिकाणी एकाच वाटेने पोचल्या तर दुसऱ्या ओळीचा एफ शार्प नवा राहत नाही. म्हणून पहिली ओळ एफवरून सीवर शांतपणे आणली तशीच ठेवली. या निर्णयाबद्दल मी अजूनही ठाम आहे, साध्या चालीत पहिला परका सूर कधी ऐकवायचा हे फार जपून ठरवावं.

जूनच्या शेवटी दोन ओळींची वही बाईंकडे दिली आणि वाट बघत बसले, कारण त्यांच्याकडे इतरही मांडण्या तपासायला होत्या. वही परत आली तेव्हा दुसऱ्या ओळीखाली एकच प्रश्न होता, 'मग आता आपण जी मेजरमधे गेलो का?' यावर मी बराच विचार केला. उत्तर तिसऱ्या ओळीत आहे. ती डीने सुरू होते, मग ई, आणि लगेच एफ. साधा एफ, शार्प नाही. म्हणजे चालीनेच एफ शार्प पुसून टाकला. जी मेजरमधे खरंच राहायला गेलो असतो तर पुढेही एफ शार्प लागला असता आणि जी मेजरमधलाच पक्का शेवट आला असता. इथे जीकडे फक्त बोट दाखवलं आणि परत आलो. तुमच्या चालीत शंका आली तर हेच बघा, नवा सूर पुढच्या ओळीत टिकतो का पुसला जातो.

तिसऱ्या ओळीला खरा वेळ गेला. डी, ई एफ ई डी, सी बी ए. पहिले पाच सूर जी, सी, एफ, सी, जी असे साधे कॉर्ड घेऊन झाले, त्यात काही विशेष नाही. शेवट ए मायनर, त्याच्या आधी बी. बी ई सेव्हनमधे आहे का? ई, जी शार्प, बी, डी. आहे, पाचवा सूर, आणि पाचवा मूळ सुरावर उतरला तर काहीच अडत नाही. म्हणजे ई सेव्हन पक्का. अडलं ते त्याच्या आधीच्या सीपाशी. सीला एफ मेजर लावावासा वाटत होता कारण कानाला तो गोड लागतो.

एफ लावून बघितला. बासमधे एफ, मग ई सेव्हनला बासमधे ई, मग ए. तर वरती सोप्रानो सीवरून बीवर जातोय आणि खाली बास एफवरून ईवर. एफ सी हा पूर्ण पाचवा आणि ई बी हाही पूर्ण पाचवा, सगळ्यात वरचा आणि सगळ्यात खालचा आवाज एकमेकांना चिकटून खाली घसरतात. वाजवल्यावर एकदम पोकळ ऐकू येतं, आतले दोन आवाज असून नसल्यासारखे. मग ई सेव्हन उलटा केला, बासला जी शार्प दिला. आता बास एफवरून जी शार्पवर जातो, म्हणजे ऑगमेंटेड सेकंड, दीड सुराची उडी. पियानोवर ती सहज वाजते पण गाणाऱ्याला ती एफ ते जी शार्प अशी पकडणं अवघड जातं, आणि या साध्या गीतात ती उपरीही वाटते. दोन्ही वाटा बंद, म्हणजे अडचण ई सेव्हनमधे नव्हती, एफमधे होती.

बाईंकडे तेवढाच प्रश्न घेऊन गेले. त्यांनी एफ खोडला आणि ए मायनर लिहिला. म्हणाल्या, "जिथे जायचंय तिथूनच निघ." आणि मग वाजवून दाखवलं. डाव्या हातात फक्त बास, मधल्या सीच्या खालचा ए, मग जी शार्प, मग परत ए. उजव्या हाताचा अंगठा मधल्या सीवर, तर्जनी ईवर, करंगळी वरच्या सीवर. हा ए मायनर. दुसऱ्या मात्रेला अंगठा डीवर सरकतो, तर्जनी ईवरच, करंगळी बीवर, डावीकडे जी शार्प. हा ई सेव्हन. तिसऱ्या मात्रेला अंगठा परत सीवर, तर्जनी तिथेच, वरचा सूर ए, डावीकडे ए. सगळे आवाज फार तर एका सुराने हलतात, कुणालाही उडी नाही. आणि ओढणारे दोन सूर बघा, जी शार्प बासमधे आणि डी टेनरमधे, जी शार्प वर एवर जातो, डी खाली सीवर. दुसऱ्या ओळीत हीच गोष्ट आल्टो आणि सोप्रानोने केली होती, इथे खालचे दोन आवाज करतात. त्यामुळे एकच युक्ती दोनदा वापरली असं कानाला जाणवतही नाही.

चौथी ओळ. जी, ए सी डी बी, सी. ए ला एफ, सीला ए मायनर, डीला डी मायनर, बीला जी सेव्हन, शेवटी सी. आता ए मायनरवरून डी मायनरवर जाताना मूळ सूर पाचव्याने उतरतात, मग वाटतंच की तो ए मायनर बदलून ए सेव्हन केला तर डी मायनरला स्वतःचा डॉमिनंट मिळेल. तपासणी लावा. ए सेव्हन म्हणजे ए, सी शार्प, ई, जी. चालीत त्याच मात्रेवर साधा सी आहे. सी आणि सी शार्प एकाच वेळी, सोप्रानोच्या विरुद्ध आल्टो किंवा टेनर. विषय संपला. चाल बदलायची नाही ही अट असल्यावर सेकंडरी डॉमिनंट लागतो का नाही हे चालच ठरवते. तिथे ए मायनरच राहिला, आणि पुढे डी, जी, सी अशी सरळ उतरण असल्यामुळे ती ओळ तशीही छान चालते.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात पूर्ण वही दिली. दहाएक दिवसांनी परत आली, मांडणी ठीक, पण वरचा एफ मंडळीला सकाळच्या वेळी जड जाईल म्हणून सगळं एक सूर खाली, बी फ्लॅट मेजरमधे लिहून आण अशी सूचना. हे ऐकायला सोपं वाटतं पण सेकंडरी डॉमिनंट असलेल्या मांडणीत एक गोष्ट इथे लक्षात ठेवा. बी फ्लॅट मेजरच्या सुरुवातीलाच बी आणि ई फ्लॅट लिहिलेले असतात. दुसऱ्या ओळीतला डी सेव्हन आता सी सेव्हन होतो, सी ई जी बी फ्लॅट, आणि त्यातला ई फ्लॅट नसून साधा ई हवा, म्हणून तिथे शार्पचं नाही तर नॅचरलचं चिन्ह येतं. काम तेच, अर्धा सूर वर चढवायचं, चिन्ह वेगळं. तिसऱ्या ओळीत मात्र जी शार्पचा एफ शार्प होतो, तिथे शार्पच. त्यामुळे स्वर खाली आणताना 'शार्प तिथे शार्प' असं डोळ्यांनी उतरवू नका, प्रत्येक ठिकाणी 'जिथे जायचंय त्याच्या खाली अर्धा सूर' हे विचारून लिहा. मी प्रत्येक बदललेल्या सुरावर पेन्सिलने बारीक बाण काढला होता, वर जाणाऱ्याला वर, उतरणाऱ्याला खाली, आणि स्वच्छ प्रत झाल्यावर खोडला.

ऑगस्टमधे सराव सुरू झाला. इथे परत सी मेजरचीच नावं वापरते म्हणजे गोंधळ होणार नाही. आल्टोचा एफ, एफ शार्प, जी पहिल्याच वेळी जमला, सरळ चढत जाणारा तुकडा असल्यामुळे त्यांना तो सापडतोच. बासवाल्यांचं तसं झालं नाही. ए, जी शार्प, ए ऐवजी ते सवयीने ए, जी, ए गायचे, साधा जी. ऐकायला बेसूर वाटत नाही हे विशेष, कारण तो ई मायनर सेव्हन होतो आणि तोही कॉर्ड तिथे चालतो. म्हणून चूक पटकन सापडत नाही. फक्त ए मायनर परत पहिल्यासारखा सपाट वाटायला लागतो, ओढच जाते. पियानोवर मी जी शार्प वाजवत असेन तर मात्र लगेच टक्कर होते, म्हणून अशी जागा तपासताना साथ बंद करू नका, उलट तेवढा बास जोरात वाजवा.

उपाय बाईंनी केला तो असा. सगळ्यांना थांबवून फक्त सोप्रानो आणि बास गायला लावले, वर सी बी ए, खाली ए जी शार्प ए. वरचा आवाज उतरत येतो, खालचा किंचित खाली जाऊन परत वर येतो, आणि दोघं एका सप्तकाच्या अंतराने एवर भेटतात. बासवाल्यांना आपण कुणाला भेटायला चाललोय ते ऐकू आल्यावर जी शार्प आपोआप वर राहिला. मग टेनरचा सी डी सी घातला, शेवटी आल्टोचा ई. तुमच्याकडेही असं झालं तर सुटा सूर घोकून घेण्यापेक्षा हे दोन आवाज एकत्र गाऊन घ्या, त्या जागेचा अर्थच त्या दोघांत आहे.

एक प्रश्न शेवटपर्यंत उघडा होता. चौथ्या ओळीचा पहिला सूर जी, त्याखाली सी मेजर, आणि पुढे ए सुराखाली एफ मेजर. म्हणजे तिथे सी सेव्हन लावून एफकडे ढकलता येतं, जी सी सेव्हनमधे आहेच. मला तो हवा होता. बाईंचं म्हणणं होतं की सी हे आपलं घर आहे, त्याच्यात बी फ्लॅट घातला की घर दुसऱ्याच कुणाचं तरी दार होतं, आणि शेवटच्या ओळीत ते प्रत्येक कडव्याला झालं तर गीत संपल्यासारखं वाटणार नाही. हे पटलं. पण शेवटच्या कडव्यात एकदाच चालेल असं त्या म्हणाल्या, आणि त्यासाठी नवी प्रत छापायची गरज नव्हती. गायक आपले सी, ई, जी तसेच गातात, बी फ्लॅट फक्त पियानो घेतो, मधल्या सीच्या लगेच खालचा, आणि पुढच्या मात्रेला तो एवर उतरतो. त्या एका मात्रेत पियानो किंचित पुढे येऊ द्यायचा पण लांबवायचा नाही, कारण मंडळी त्या सुरावर श्वास घेऊन नुकतीच सुरू झालेली असते आणि रेंगाळलात तर ती तुमच्या पुढे निघून जाते. माझ्या प्रतीवर चौथ्या ओळीच्या सुरुवातीला पेन्सिलने 'फक्त शेवटी' असं लिहिलंय आणि खाली बी फ्लॅटपासून एपर्यंत उतरता बाण, तो एक बाण मी खोडलेला नाही.